झोपेसाठी चाललो ते तेरा आठवडे

माझं औषधाचं दुकान बीडपासून जवळच्या एका गावात, मोठ्या रस्त्याला लागून आहे. दुकानाच्या मागच्या दारातून बारा पावलं टाकली की घर. दुकानात चाकाची खुर्ची आहे आणि तिचा मला फार अभिमान होता. ताप, खोकला, पित्त, बीपी, साखर, रोज खपणाऱ्या सगळ्या गोळ्या मी अशा लावल्या होत्या की बसल्या जागी हात पुरावा. उरलेल्यांसाठी पायाने जरा रेटा दिला की खुर्ची जायची. खोकी आत आणून ठेवायला माल पोचवणारा होता, चहा समोरून यायचा. सव्वीस वर्षांत मी उठून असं काही आणलंच नाही. बायको म्हणायची, "तुमी गिऱ्हाइकाला गोळ्या देता का गोळ्याच तुमच्याकडं चालत येतेत?" मी हसायचो. मला ती तारीफच वाटायची.

झोप कधी गेली ते सांगता येत नाही. दात पडला की कळतं, झोपेचं तसं नसतं. आधी यायला उशीर करू लागली, मग मध्येच उठून जाऊ लागली, मग पहाटे तीनला डोळे उघडले की संपलं. शेजारी बायकोची पाठ टेकली की दोन मिनिटांत श्वास संथ. दिवसभर धुणं, भांडी, दळण, गच्चीवर पाणी, तिची झोप तिने कमावलेली होती. मला तिचा भयंकर राग यायचा. झोपलेल्या माणसाचा राग येणं हा काय शहाणपणा आहे, पण यायचा.

दिवाळी होऊन गेली. गावातली तरणी माणसं ऊसतोडीला निघून गेली, मागे म्हातारी आणि लेकरं राहिली. अशाच एका दुपारी एक म्हातारी साखरेच्या गोळ्या न्यायला आली. माझी जुनी गिऱ्हाईक. वाचता येत नाही, पण आपली पट्टी ओळखते. मी पट्टी दिली, तिने ती उजेडाकडे धरली, उलटी केली, सुलटी केली.

"आप्पा, ही माजी न्हाई. माज्या पट्टीला निळी रेघ हाय."

मी चिडलो. डोळे ताणून ताणून माझं डोकं दुखत होतं. "आजी, तीच आहे, कंपनीनं रंग बदलला असंल," म्हणालो. म्हातारी जागची हलली नाही. "न्हाई आप्पा, बघा एकदा." मी बघितलं. गोळी तीच होती, ताकद दुप्पट होती. ही गोळी खाऊन ती शेतात गेली असती, जेवायला उशीर झाला असता, साखर उतरून घेरी आली असती आणि बांधावर पडली असती. घरात दोन नातवंडं सोडून कुणी नाही. मी पट्टी बदलून दिली. हे सगळं बायकोने बघितलं. ती माझं जेवणाचं ताट घेऊन मागच्या दारात उभी होती.

म्हातारी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुमी झोपत न्हाईत. अन् लोकं तुमच्या हातची गोळी खातेत."

त्यावर मी खूप बोललो. चूक कुणाच्या हातून होत नाही, वगैरे. पण आतून गार पडलो होतो. सव्वीस वर्षांत मी एकच काम नीट केलं होतं, आणि आता तेच माझ्या हातात राहील की नाही, कळत नव्हतं.

दोन दिवसांनी बायकोने मला शेजारच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची, तिच्या चिठ्ठ्या रोज माझ्याच दुकानात येतात. तिने बीपी बघितलं, रक्त तपासायला पाठवलं, घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, ते मला न विचारता बायकोला विचारलं. सगळं ठीक निघालं. मी जरा बिचकतच झोपेच्या गोळीचा विषय काढला.

"काका, ती गोळी तुमच्याच कपाटात कुलुपात असते," ती म्हणाली. "ती घेतल्यावर सकाळी जडपणा राहू शकतो, हे तुम्हीच लोकांना सांगता. आत्ता नको. दिवसभरात तुम्ही चालता किती?"

बायको मध्येच म्हणाली, "बारा पावलं. जायाची बारा, यायाची बारा."

मग डॉक्टरणीने सांगितलं. दुपारची डुलकी बंद. झोप लागो न लागो, सकाळी उठायची वेळ एकच. आणि आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास झपझप चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या जोरात. सुरुवात दहा मिनिटांपासून. दोन दिवस ताकदीचं काम: खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून जोर, सलाईनची खोकी स्वतः उचलणं. संध्याकाळी वाटलं तर हलकी आसनं.

"ह्यातलं सगळ्यात भारी कोणतं?" मी विचारलं. दुकानदाराचा प्रश्न.

"चालण्यानंही फायदा होतो, ताकदीच्या व्यायामानंही, योगासनांनीही. मी तुम्हाला चालणं आणि ताकद जोडीनं देतेय. पण सगळ्यात भारी तेच, जे तुम्ही सोडणार नाही."

"आणि कोर्स किती दिवसांचा?"

ती हसली. "कुणाला पहिल्याच दिवशी थोडा फरक वाटतो, पण त्याच्यावर जाऊ नका. पक्का फरक पडायला काही आठवडे लागतात, कधी कधी तीन-चार महिनेसुद्धा. गोळीसारखं नाही हे, काका. रात्री घेतली आणि सकाळी बघितलं, असं नाही."

मला हे अजिबात आवडलं नाही. ज्या औषधाचा गुण तीन महिन्यांनी येतो, ते गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकून मारेल, असं मी घरी येताना म्हणालो. बायकोने तेवढंच धरलं. "तीन म्हैने ना? मग तीन म्हैने. तवर मी शेजारी उभी ऱ्हाते, पट्टी मी वाचते. सुधारलं तर बरं. न्हाई तर दुसरा माणूस ठेवा गोळ्या द्यायला. तुमी निस्तं गल्ल्यावर बसा, गोळ्यांला हात लावू नका."

ती दहावी शिकलेली आहे. दुसऱ्या दिवसापासून ती चिठ्ठी आणि पट्टी दोन्ही हातात घेऊन मोठ्याने वाचायची, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. लोक विचारायचे, "आप्पा, चष्मा लागला का?" मी मान हलवायचो. इतकी लाज मला लग्नात नाव घेतानाही वाटली नव्हती.

आणि चालणं? आमच्या गावात रिकाम्या हाताने झपझप चालणारा माणूस म्हणजे काहीतरी बिनसलेलं. पहिल्याच सकाळी तीन मोटरसायकली थांबल्या. "आप्पा, गाडी बंद पडली का? बसा मागं." मी नको म्हटलं, तर तो गाडी बंद करून उतरलाच. "कावून नको? आमच्या गाडीवर बसायला लाज वाटती का?" नाही म्हणणं म्हणजे अपमान. मी बसलो. त्याने मला प्रेमाने घरापर्यंत आणून सोडलं. पहिल्या आठवड्यात मी जेवढा चाललो, त्याच्या दुप्पट मोटरसायकलीवर फिरलो, आणि तरी चालणं-झोप टिपायच्या वहीत "चाललो" असं लिहिलं.

शेवटी वैतागून मी एकाला सांगितलं, "नवस हाय. गाडीवर बसायचं न्हाई." हा किराणा दुकानदार, माझ्याच वयाचा. त्याने लगेच गाडीला किक मारली, हात जोडले आणि निघून गेला. वा! मला वाटलं, सुटलो. पण नवस ही गोष्ट गावात झाकून राहत नाही. संध्याकाळपर्यंत दुकानात चौकशा. कुणाचा नवस? कपिलधारचाच असणार, आमच्या घराण्याचं श्रद्धास्थान. कशासाठी बोललात? पायी जाणार ना? कोणत्या सोमवारी? "येत्या," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

आणि खरं सांगायचं तर मनात एक हिशोब होता. तीन आठवडे झाले होते, झोपेत तिळाएवढा फरक नव्हता. रोज वीस-वीस मिनिटं कुठं चालत बसायचं, एकदाच भरपूर चालू आणि मोकळे होऊ. नवस जसा एका दिवसात फेडतो, तसा. डॉक्टरीण म्हणाली होती ते सगळं मला पाठ होतं, तरीही मी हेच केलं.

सोमवारी पहाटे निघालो, अनवाणी, कारण नवसाला चप्पल शोभत नाही. पहिला तास मजेत गेला. मांजरसुंब्याच्या घाटाच्या अलीकडेच पोटऱ्या दगड झाल्या. लोक नमस्कार करत होते, त्यामुळे बसताही येईना. कपिलधारला पोचलो तेव्हा तळपायाला चार फोड होते. धबधब्याची बारीक धार चालू होती, तिच्याखाली पाय धरून मी बसलो आणि देवाला खरं काय ते सांगितलं, की हा नवस खोटा आहे, झोप मात्र खरी पाहिजे. परत जीपने आलो.

त्या रात्री मी नक्की झोपणार असं मला वाटलं होतं. एवढं थकल्यावर मेलेला माणूससुद्धा झोपेल. पण पाय इतके ठणकत होते की कूस बदलता येईना. पुढचे पाच दिवस मी त्या चाकाच्या खुर्चीतच. चालणं नाही, उठबस नाही. झोप पहिल्यापेक्षा वाईट. पाचव्या दिवशी एका खोकल्याच्या औषधाची बाटली मी काउंटरवर ठेवली, बायकोने वाचली आणि काही न बोलता मागे सारली. लहान मुलाची चिठ्ठी होती, बाटली मोठ्यांची होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मी कपाट उघडलं. झोपेच्या गोळ्यांचं कपाट वेगळं असतं, त्याची एक किल्ली माझ्या जुडग्यात आणि दुसरी घरी देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला. एक पट्टी काढली, दहा गोळ्यांची. सदऱ्याच्या खिशात घातली. चिठ्ठीशिवाय ही गोळी मी कुणाला दिली नव्हती, अगदी रडत आलेल्यालाही. रात्रभर ती खिशात होती आणि सदरा खुंटीला. मी तिच्याकडे बघत होतो. घ्यावीशी फार वाटली. पण उद्या सकाळी माझं डोकं जड असलं आणि ती निळ्या रेघेची म्हातारी आली तर? एवढ्या एका भीतीने मी उठलो नाही. सकाळी पट्टी परत कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि लंगडत दवाखान्यात गेलो.

डॉक्टरणीने पाय बघितले. मी सगळं सांगितलं, पट्टीचं सोडून.

"काका, एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्या, असं सांगता का तुम्ही गिऱ्हाइकाला?"

उलट तसं कुणी केलं तर मी त्याला चारचौघांत झापतो.

"मग तुम्ही सात दिवसांचा डोस एका सोमवारी का घेतला? फोड सुकले की पुन्हा दहा मिनिटांपासून. आणि एक लक्षात ठेवा. रात्री झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी चालायचं जिवावर येतं. बरीच माणसं तिथंच सोडून देतात. त्या दिवशी कमी चाला, पण चाला."

मी बूट घेतले आणि जागा बदलली. गावाबाहेरच्या धरणाच्या भिंतीवर सकाळी मोटरसायकली नसतात. पहिल्या दिवशी तिथंही किराणावाला भेटला. "आप्पा, नवस फिटला न्हाई का अजून?" माझ्याच्याने आणखी खोटं बोलवेना. "नवस न्हवता बे," मी म्हणालो. "मला झोप येत न्हाई. म्हणून चालतोय." मला वाटलं हा आता गावभर करणार. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मलाबी न्हाई येत. दोन वर्सं झाली. कुणाला सांगू?" दुसऱ्या दिवसापासून तोही यायला लागला. बोलत चालायचो, गाणं कुणालाच येत नव्हतं.

पुढचे आठवडे सांगण्यासारखे नाहीत, आणि तेच त्यांचं दुखणं होतं. काही घडतच नव्हतं. मी रोज सकाळी स्वतःला तपासायचो, किती वेळा जाग आली, किती वाजता, ते वहीत लिहायचो, आणि तपासण्याच्या काळजीनेच पुन्हा जाग यायची. बायकोने ती वही उचलून रद्दीत टाकली. पाचव्या आठवड्यात एक रात्र चांगली गेली आणि मी पेढे आणायचेच बाकी ठेवले. पुढच्या दोन रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळी उठवेना, पाऊल टाकवेना. किराणावाला दारात उभा होता म्हणून गेलो, पंधरा मिनिटं. मंगळवारी आणि शुक्रवारी सलाईनची खोकी मी स्वतः आत आणायचो. माल पोचवणाऱ्याला वाटलं, मी त्याच्यावर रागावलोय. दुकानातल्या गोळ्या मी मुद्दाम लांब लांब लावल्या आणि चाकाच्या खुर्चीच्या जागी साधी लाकडी खुर्ची आणली.

आठव्या-नवव्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं की पहाटेचे तीन वाजलेले मी बरेच दिवस बघितले नाहीत. दुपारी डोळे ताणावे लागत नव्हते. पण मी कुणाला बोललो नाही. बोललो तर दृष्ट लागेल अशी भीती, आणि तीन महिने संपत आल्याची दुसरी भीती. पट्टी काउंटरवर ठेवताना मी अजूनही बायकोच्या तोंडाकडे बघायचो. तिचं तोंड ओढलेलं दिसायचं. मला वाटायचं, दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं म्हणून.

तेराव्या आठवड्यातल्या एका सकाळी मला कुणीतरी गदागदा हलवलं. डोळे उघडले तर खिडकीतून ऊन थेट पायांवर. मी धडपडत उठून बसलो. समोर बायको, केस विस्कटलेले, धाप लागलेली, हातात कपाटाची किल्ली.

"कितीक घेतल्या?" ती ओरडली. "खरं सांगा, कितीक घेतल्या?"

"काय घेतल्या?"

"गोळ्या! दोनदा हाका मारल्या, उठंना गेलात. मी पळत दुकानात गेले, मोजल्या. पुऱ्या भरतेत. पर माज्या मोजण्यावर माजाच इस्वास बसंना."

"मी काही घेतलं नाही गं. मी झोपलो होतो."

ती तिथंच फरशीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "तुमी पोळी खायला आत गेलात की रोज दुपारी मी ते कपाट उघडून मोजत होते," ती म्हणाली. "एका रात्री तुमी खुंटीवरच्या सदऱ्याकडं बघत पडलेले दिसलात, म्हणून सकाळी मोजायला गेले तर दहा कमी, अन् दुपारी दहा परत. त्या दिसापासून सकाळीबी मोजते."

आठ-नऊ आठवडे तिला ठाऊक होतं. ती मला एक शब्द बोलली नव्हती, पट्ट्या वाचत उभी राहिली होती.

"मग रात्री तरी निवांत झोपायचं होतंस," मी म्हणालो. "तुझी तर पाठ टेकली की..."

"कुठली झोप?" ती म्हणाली. "तुमी उठता का, खिशाला हात घालता का, ते ऐकत पडायचे. हालले असते तर तुमाला कळलं असतं."

त्या संथ श्वासांचा मी रात्र रात्र हेवा केला होता.

त्या दिवशी दुकान दहाला उघडलं. निळ्या रेघेची म्हातारी पायरीवर येऊन बसलेली होती. मी उठून मांडणीपर्यंत गेलो, पट्टी आणली, काउंटरवर ठेवली आणि सवयीने शेजारी बघितलं. बायको लाकडी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. म्हातारीने पट्टी उजेडाकडे धरली, उलटी केली, सुलटी केली. "बरुबर हाय, आप्पा," ती म्हणाली. मी तिला हळू बोलायला सांगितलं.